धागा: हॉटेल ग्रुपला लॉन्ड्रीचं प्रपोजल पत्र पाठवतोय, पाठवायच्या आधी कोणी वाचून सांगाल का?

पऱ्हाटीवाला (वरोरा)

नमस्कार मंडळी. वरोऱ्याच्या एमआयडीसीत माझी लॉन्ड्री आहे. ३० किलोची दोन वॉशर, १५ ची एक, दोन ड्रायर, आणि चादरींना इस्त्री करणारं रोलरचं एक कॅलेंडर. बॉयलर ब्रिकेटवर चालतो, पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या कुटाराच्या. म्हणून हे नाव. आतापर्यंत दोन दवाखाने, एक मंगल कार्यालय आणि सुटी कामं करत होतो. आता चार हॉटेलांच्या एका ग्रुपनं बोलावलं आहे. मोहर्लीच्या बाजूला २४ खोल्या, कोलाऱ्याकडे १८, चंद्रपूर शहरात ३६ आणि हायवेवर १४. मिळून ९२. सध्या त्यांचं काम नागपूरला जातं, गाडी सोमवारी आणि गुरुवारी येते. मालक मंडळी इथलीच, म्हणून पत्र मराठीतच देणार. मसुदा असा आहे:

*"माननीय महोदय, आमची लॉन्ड्री अत्याधुनिक मशीनरी, प्रशिक्षित कर्मचारी आणि दर्जेदार केमिकल यांनी सज्ज असून आपणांस सर्वोत्तम सेवा देण्यास कटिबद्ध आहे. आमचा दर प्रति किलो फक्त ४४ रुपये (कर वेगळा). आमच्या जलद सेवेमुळे आपणांस प्रति खोली पाचऐवजी तीनच सेट ठेवावे लागतील व आपली दरवर्षी सुमारे सात लाख रुपयांची बचत होईल. रिवॉश मोफत. किमान मासिक बिल ठरवून घ्यावे ही विनंती. एकदा सेवेची संधी द्यावी."*

नागपूरवाला ३६ रुपये किलोनं करून राहिला आहे, तेवढीच एक भीती आहे. काय वाटतं?

---

बाजारभाव (हिंगणघाट)

भाऊ, पत्र-बित्र ठीक आहे, पण ३६ समोर असताना ४४ कोण देईल? ३५ लिहा, काम हातात घ्या, सहा महिन्यांनी वाढवा. हॉटेलवाले पहिली ओळ दराची वाचतात, बाकी पत्र टेबलावर पडून राहते. आमच्या जिनिंगच्या धंद्यात हेच चालते.

---

लिननची चावी (नागपूर)

मी बरीच वर्षं हाउसकीपिंगला होते, त्यातली शेवटची लिनन रूम सांभाळण्यात गेली. अशी पत्रं माझ्या टेबलावर यायची म्हणून लिहिते.

पहिली दोन वाक्यं काढून टाका. "अत्याधुनिक" आणि "कटिबद्ध" सगळ्यांच्याच पत्रात असतं. वाचणाऱ्याला रविवारी दुपारी काय होणार ते हवं आहे. ताडोब्याकडच्या हॉटेलात पाहुणा शुक्रवारी येतो, रविवारी सकाळची सफारी करून निघतो. म्हणजे तुमच्या ४२ जंगलातल्या खोल्यांपैकी बहुतेक खोल्यांचं कापड एकाच दुपारी खाली पडतं. नागपूरची गाडी ते सोमवारी उचलते आणि गुरुवारी परत आणते. शुक्रवारी पुन्हा खोल्या भरतात. मधे एक दिवस जरी गाडी चुकली तर फ्लोअरवरची पोरं फाटक्या चादरी शोधत बसतात. त्या माणसाचं दुखणं हे आहे, ३६ रुपये नव्हे.

आता सात लाखांचं. हा आकडा कसा काढला ते लिहा, म्हणजे बोलता येईल.

---

पऱ्हाटीवाला

एका खोलीचा सेट: चादर, दुव्हे कव्हर, चार उशांचे अभ्रे, दोन मोठे टॉवेल, दोन हातपुसणे, एक बाथमॅट. बाजारात विचारलं तर सेटचे ३,८०० च्या आसपास पडतात. ९२ खोल्या, दोन सेट कमी, ३,८०० गुणिले १८४ म्हणजे सहा लाख नव्व्याण्णव हजार. त्यांनीच सांगितलं की पाच सेट ठेवावे लागतात.

---

लिननची चावी

हिशोब बरोबर, निष्कर्ष नाही. दोन गोष्टी आहेत.

तीन सेट तेव्हा पुरतात जेव्हा कापड रोज जातं आणि दुसऱ्या दिवशी येतं. एक पलंगावर, एक तुमच्याकडे, एक कपाटात. तुम्ही रोज गाडी पाठवणार का? वरोऱ्याहून मोहर्ली, मग कोलारा, चंद्रपूर करून परत, दोनशेच्या वर किलोमीटर होतील. रोज परवडणार नाही. दिवसाआड गेलात तर चार सेट लागतील, कारण रस्ता आहे, लाइट आहे, आणि पावसाळा आहे. तीन लिहून दिलंत आणि पहिल्याच लाँग वीकेंडला कपाट रिकामं निघालं तर तो कागद ते तुमच्यासमोर धरतील.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सेट कमी ठेवल्यानं कापड जास्त टिकत नाही. चादर महिन्यांनी जुनी होत नाही, धुलायांनी होते. दीड-दोनशे धुलायांत हॉटेलची चादर विरते. खोल्या तेवढ्याच भरणार, धुलाया तेवढ्याच होणार, त्या आता पाचऐवजी चार सेटांवर वाटल्या जातील, म्हणजे प्रत्येक सेट लवकर संपेल. त्यामुळे "दरवर्षी बचत" असं काही नाही. एका सेटची रक्कम, साधारण साडेतीन लाख, एकदाच मोकळी होते. तीसुद्धा रोख हातात येत नाही, कारण पाच सेट त्यांनी आधीच घेतलेत. फक्त पुढची खरेदी काही महिने लांबते. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला हे कळतं. त्यानं ते एक वाक्य खोडलं की त्याच्या खालचं सगळं संशयानं वाचलं जातं.

---

बाजारभाव

ताई, बरोबर असेल, पण मग लिहायचं काय? "तुमची बचत होणार नाही" असं लिहून कोणी काम मिळवते का?

---

लिननची चावी

खरी बचत लिहायची. कापड वेळेवर आलं तर खोली विकता येते. खोली तयार नाही म्हणून दुपारी चारपर्यंत पाहुणा लॉबीत बसतो, तो खर्च मालकाला दिसतो. आणि कापड जास्त धुलाया टिकवलं तर वर्षाची खरेदी खरोखर कमी होते. पण ते फक्त म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. पाणी कसं आहे तुमचं?

---

पऱ्हाटीवाला

बोअर आहे. टीडीएस मीटरवर सातशेच्या वर दाखवते. दवाखान्याच्या चादरी हिरव्या, म्हणून आजवर कोणी काही बोललं नाही.

---

टेक्निकल_अमोल (बुटीबोरी)

सातशे टीडीएस? मग आरओ बसवा आधी. त्याशिवाय पांढरं कापड राहणारच नाही.

---

तिसऱ्या पिढीचा परीट (भद्रावती)

अमोलभाऊ, रोजचे हजारो लिटर आरओनं घ्यायचे म्हटलं तर अर्धं पाणी नालीत जाईल आणि ४४ परवडणार नाहीत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं. कापडाला त्रास देते ते त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मीटर ते वेगळं दाखवत नाही. त्यासाठी थेंब टाकायची हार्डनेस किट येते, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. पाणी जड असेल तर सॉफ्टनर बसवा, मिठानं धुतला जाणारा. सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, म्हणून मीटर लावून "काम करत नाही" असं म्हणू नका. आमच्याकडे एकानं याच कारणानं चांगला सॉफ्टनर बंद करून ठेवला होता.

जड पाण्यात पावडरचा अर्धा जोर पाण्याशीच भांडण्यात जातो. जो मळ सुटतो तो पुन्हा धाग्यावर बसतो. एका धुलाईत दिसत नाही. तीस-चाळीस धुलायांनंतर नवी चादर शेजारी ठेवली की जुनी राखाडी दिसते. मग लोक ब्लीच वाढवतात, आणि बोअरच्या पाण्यात लोह असलं की ब्लीचनं पिवळं पडते. मग आणखी ब्लीच. चादर पांढरी व्हायच्या आधी फाटते.

---

मोहर्लीची वैशाली

अय्या, हेच तर माझं आहे! आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. चादरी धुवून आणते तेव्हा पांढऱ्या असतात, इस्त्री केली की पिवळट पडतात, आणि पाहुणे म्हणतात अंगाला खाज येते. मी तर पावडरच बदलली तीनदा. पऱ्हाटीवाले दादा, तुम्ही चार खोल्यांचं घेता का? आणि रजया पण आहेत सोळा, त्यांचं काय घ्याल?

---

तिसऱ्या पिढीचा परीट

वैशालीताई, पावडरीचा दोष नाही, खळबळणं कमी पडून राहिलं. कापडात खार राहतो आणि गरम इस्त्रीखाली तो पिवळा होतो. शेवटच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड टाका, बादलीला चहाचा अर्धा चमचा. मोठ्या लॉन्ड्रीत याला सावर देणं म्हणतात. ओल्या चादरीवर फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाकून पाहा, शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. गुलाबी झाला तर खार उरला आहे. आमच्या पोराला मी हाच थेंब पहिला शिकवला.

आणि पऱ्हाटीवाले, हा थेंब तुम्ही हॉटेलात जाऊन नागपूरहून आलेल्या चादरीवर टाका. पत्रात लिहू नका, दुसऱ्याची निंदा दिसते. समोर बसून टाका. मात्र आधी आपल्या चादरीवर टाकून पाहा.

---

लिननची चावी

परीटकाकांनी माझं काम सोपं केलं. टिकाऊपणा दाखवायला मी एक पद्धत वापरायची. नवा टॉवेल मधोमध कापायचा, दोन्ही कडा शिवून घ्यायच्या. अर्धा हॉटेलच्या कपाटात, अर्ध्यावर लाल धाग्याची खूण करून रोजच्या धुलाईत. तीन महिन्यांनी दोन्ही टेबलावर. पांढरेपणा, मऊपणा, धागे सुटलेत का, सगळं समोर असतं. पुरवठादार स्वतः हे पत्रात सुचवतो तेव्हा वाचणारा सरळ बसतो. पण सॉफ्टनर बसवायच्या आधी हे लिहिलंत तर स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार कराल.

---

कागदोपत्री (यवतमाळ)

मी टॅक्सचं काम करतो, एवढंच सांगतो. "कर वेगळा" एवढ्या दोन शब्दांत सोडू नका. लॉन्ड्रीवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के लागतो, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हॉटेलनं तुम्हाला दिलेला कर त्यातून वजा होत नाही. आधी १२ टक्के होता आणि क्रेडिट होतं. म्हणजे चंद्रपूरच्या आणि हायवेच्या हॉटेलला तुमचे ४४ खरं तर ५२ पडतात, जवळजवळ. कोलाऱ्याच्या रिसॉर्टच्या खोल्या ७,५०० च्या वर असतील तर तिथे १८ टक्के आणि क्रेडिट, तिथे ४४ हे ४४ च. एकाच ग्रुपला दोन वेगळे खर्च आहेत आणि पत्रात एकच आकडा आहे. नागपूरवाल्याचे ३६ करासकट आहेत की करावेगळे, हे आधी विचारा. तो लहान आणि बिगरनोंदणीचा असेल तर फरक तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे.

---

बाजारभाव

घ्या! म्हणजे ३६ विरुद्ध ५२. मी सांगितलं होतं दर पाडा.

---

लिननची चावी

किलो कशाचा, ते तरी विचारा. पूलवरचे ओले टॉवेल गाठोड्यात बांधून वजन केलं तर पाण्याचेही ३६ रुपये लागतात. नागपूरकडे उचलतानाचं वजन धरतात की धुवून वाळवलेलं, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. पऱ्हाटीवाले, तुमचा सेट किती भरतो?

---

पऱ्हाटीवाला

काल वजन करून पाहिलं. चादर किलोभर, दुव्हे कव्हर १ किलो ६०० ग्रॅम, चार अभ्रे मिळून ६०० ग्रॅम, दोन मोठे टॉवेल १ किलो १००, हातपुसणी अडीचशे, बाथमॅट तीनशे. मिळून पाचला थोडं कमी. वाळलेलं. म्हणजे पाच किलो धरून पूर्ण बदलाचे २२०, कर धरून २६० च्या आसपास.

---

लिननची चावी

मग पत्रात "४४ रुपये किलो" खाली ठेवा आणि वर लिहा: एक खोली पूर्ण बदलायला इतके, फक्त टॉवेल बदलायला इतके, वजन धुवून वाळल्यावरचं. मालकाला खोलीचा हिशोब कळतो, किलोचा नाही.

आता क्षमता. समजा जोडून सुट्ट्या आल्या आणि ९२ पैकी ७४ खोल्या एकाच दिवशी रिकाम्या झाल्या. साडेतीनशे किलोच्या वर. वॉशर पुरतील. तुमचं कॅलेंडर तासाला किती काढतं?

---

पऱ्हाटीवाला

चाळीस किलो, माणसं चांगली असतील तर. त्यातलं चादरी-कव्हर-अभ्रे अडीचशे किलोच्या आतबाहेर. म्हणजे सहा तास.

---

तिसऱ्या पिढीचा परीट

आणि लाइट गेली तर? कॅलेंडरला चादर ओलसरच लागते, आधी वाळवून ठेवता येत नाही. ढीग तसाच चार-पाच तास राहिला की पावसाळ्यात कुबट वास धरते, पुन्हा धुवा. जनरेटर कॅलेंडरची मोटर ओढते का, हे मला आधी सांगा.

---

पऱ्हाटीवाला

कॅलेंडर वाफेवर आहे, काका. बॉयलर ब्रिकेटवर, मोटरी तेवढ्या जनरेटरवर. एक वॉशर आणि कॅलेंडर चालते, ड्रायर नाही.

---

तिसऱ्या पिढीचा परीट

हे लिहा पत्रात. "अत्याधुनिक" च्या जागी हे. इथल्या माणसाला लाइटीचं उत्तर पहिले लागते.

---

टेक्निकल_अमोल

टीडीएसचं पटलं काका. एक विचारतो, जंगलातली हॉटेलं शनिवार-रविवार भरतात आणि शहरातली सोमवार ते गुरुवार, बरोबर? मग त्यांचा लोड एकमेकांत बसतो की. चारही हॉटेलं एकत्र घेण्यातच याचा फायदा आहे. एखादंच हॉटेल दिलं तर दर वेगळा असावा.

---

लिननची चावी

हे मात्र अमोलनं नेमकं पकडलं. आणि मंगळवार विसरू नका. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद असतो, जंगलाकडच्या हॉटेलात तोच निवांत दिवस. रविवारचं कापड मंगळवारी परत द्या आणि मोजणी तेव्हा करा. रविवारी संध्याकाळी हॉटेलचा पोरगा गाठोडी मोजत नाही, सही करून देतो. महिन्यानं चाळीस टॉवेल कमी निघाले की तुम्ही चोर.

---

मोहर्लीची वैशाली

टॉवेल कमी होतच नाहीत ताई, ते पुसायला जातात. जिप्सीतून आलेल्या बुटांची धूळ पोरं मोठ्या टॉवेलनंच पुसतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहते शेजारच्या रिसॉर्टात. मग डाग निघत नाही म्हणून लॉन्ड्रीवर ओरडतात.

---

लिननची चावी

अगदी. पण पत्रात "तुमची माणसं टॉवेलनं फरशी पुसतात" असं लिहिता येत नाही. त्यांच्याच बाद झालेल्या चादरींची फडकी निळी रंगवून फुकट देऊ, असं लिहा. कळायचं ते कळतं. "रिवॉश मोफत" ला पण सीमा घाला. हळद, तेल हे निघतं. मेंदी आणि गंज यांची हमी देऊ नका, लग्नसराईत मेंदीच्या चादरी ढिगानं येतील. डागाचं कापड लाल पिशवीत वेगळं द्या एवढं मागा. कारण सगळ्यांबरोबर गरम पाण्यात आणि मग कॅलेंडरखाली गेलं की डाग पक्का.

---

पऱ्हाटीवाला

हळदीचा डाग आमच्याकडे पावडरीत टाकला की आधी लाल होतो, हॉटेलच्या माणसानं पाहिलं तर घाबरेल. उन्हात टाकला की उतरतो. असो. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून मधला भाग असा केला:

*"आपल्या जंगलाकडील दोन्ही हॉटेलांचे कापड रविवारी दुपारी चारनंतर आमची गाडी उचलेल व मंगळवारी परत देईल. मोजणी मंगळवारी आपल्या व आमच्या माणसासमोर होऊन चलानवर दोघांची सही राहील. इतर फेऱ्या सोमवार, बुधवार व शुक्रवारी. या वेळापत्रकात प्रति खोली चार सेट पुरेसे होतात. आपल्याकडे पाच आहेत. पाचवा सेट नव्याने भरण्याची गरज राहणार नाही, म्हणजे सुमारे साडेतीन लाखांची खरेदी एकदा पुढे ढकलता येईल. वीज गेल्यास एक वॉशर व कॅलेंडर जनरेटरवर चालते. एक खोली पूर्ण बदलण्याचा दर २२० रुपये, जीएसटी धरून सुमारे २६० रुपये. वजन धुवून वाळल्यानंतरचे. नव्या टॉवेलचा अर्धा भाग आपल्या कपाटात राहील, अर्धा आमच्या धुलाईत. तीन महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावे."*

सॉफ्टनरचं कोटेशन मागवलं आहे. तो बसेपर्यंत टॉवेलचं वाक्य काढून ठेवतो. किमान बिलाचं अजून सुचून नाही राहिलं.

---

लिननची चावी

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. भोवतालचा बफर चालू असला तरी खोल्या निम्म्या राहतात. त्या तीन महिन्यांचं किमान बिल कोणी मान्य करणार नाही. त्याऐवजी पडदे, ब्लँकेट, गादीची कव्हरं पावसाळ्यातच करायची असं बांधून घ्या. त्यांना खोल्या रिकाम्या मिळतात, तुम्हाला काम.

---

तिसऱ्या पिढीचा परीट

पावसाळ्यात ब्लँकेट? ड्रायरचं ब्रिकेट किती जळेल ते धरलं का ताई? मी तर ब्लँकेटं मे महिन्याच्या उन्हात घेतो, खर्च शून्य.

---

लिननची चावी

मे महिन्यात सीझन भरात असतो काका, खोल्या रिकाम्या कुठे असतात? पण ब्रिकेटचा मुद्दा आहे. ब्लँकेटला वेगळा दर लावल्याशिवाय हे बसणार नाही.

---

कागदोपत्री

२२० हा खोलीचा दर आणि ४४ हा किलोचा, दोन्ही पत्रात राहिले तर बिल कशावर निघणार? महिन्याच्या शेवटी वजन आणि खोल्या जुळल्या नाहीत की भांडण. एकच ठेवा.

---

लिननची चावी

बिल किलोवर, खोलीचा आकडा समजण्यापुरता.

---

बाजारभाव

नगावर का नाही? मोजणी नगावरच होऊन राहिली ना मंगळवारी.

---

पऱ्हाटीवाला

नगावर केलं तर ते पातळ टॉवेल काढून जाड टॉवेल आणतील आणि दर तोच राहील. किलोवर केलं तर वजनकाटा कोणाचा, हा प्रश्न. गुरुवारी भेट आहे, दोन्ही दर छापून नेतो.

वैशालीताई, रविवारी गाडी मोहर्लीत येणारच आहे. चार खोल्यांचं घेतो. रजया मात्र आता नको, त्यांचा भाव ब्लँकेटचं ठरल्यावर सांगतो.